मदत हवी आहे: सोमवारी दिवसभर लाईट नाही, मॅडमना मेसेज कसा लिहू?

फुलेवाडीकरीण: मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. सोमवारी ९ ते ५ दुरुस्तीसाठी लाईट बंद, असा मेसेज आलाय. राऊटर इन्व्हर्टरवर आहे, तरी मागच्या वेळी तासाभरात नेट गेलं आणि डब्यावर लाल दिवा लागला. ११ला क्लायंटची मीटिंग आहे. ‘लाईट नाही, जमेल तसं करते’ असं लिहिलं तर बहाणा वाटतो ओ.

वायरमन_मामा: राऊटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लाव, विषय संपला.

गल्लीतला_नेटवाला: मामा, राऊटर चालूच होता की. एलओएसचा दिवा लाल म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नाही. गल्लीतल्या पेटीची बॅटरी उतरली असणार. ताई, तार तुटली तरी तोच दिवा लागतो, म्हणून केबलवाल्याला आजच विचारा. घरी कितीही बॅकअप ठेवला तरी ते नेट चालेल असं धरू नका.

मोबाईल हॉटस्पॉटवरून आजच एक कॉल करून बघा. लाईट गेली की अख्खी गल्ली मोबाईल नेटवर येते, तेव्हा कॅमेरा बंदच ठेवा. मॅडमना कारण एका ओळीत सांगा, बाकी कधी कुठे सापडाल ते:

“मॅडम, सोमवारी ९ ते ५ आमच्या भागात वीज बंद आहे. ११ची मीटिंग मोबाईल नेटवरून, कॅमेरा बंद ठेवून करेन. प्रेझेंटेशन आज रात्रीच पाठवते. १०.४५ला नेट तपासून फोन करते. चालत नसेल तर स्लाईड्स तुम्ही दाखवा, मी साध्या फोनवरून बोलेन. १२ ते १ प्रवासात, फक्त फोनवर. १ ते ६ राजारामपुरीत मैत्रिणीकडून ऑनलाईन.”

५ला लाईट येईल असं धरू नका, म्हणून ६ लिहिलंय.

पंचगंगाकाठ: सरळ रजा टाका. २०१९च्या पुरात आमच्याकडे लाईट नव्हती, तेव्हा साहेबच म्हणाले, राहू दे.

फुलेवाडीकरीण: दादा, पूर वेगळा. हे आधी कळलंय, रजा कशी मागू? केबलवाला म्हणतो बॅटरी आहे, किती टिकेल सांगता येत नाही. हॉटस्पॉट घरात अडखळला, गच्चीवर नीट चालला. मैत्रिणीच्या भागात त्या दिवशी लाईट आहे, विचारून घेतलं. मेसेज पाठवला. मॅडमचं उत्तर: ‘मीटिंग सकाळपासूनच मैत्रिणीकडून का नाही?’ आता मैत्रीण १२ला घरी येते, हे कसं सांगू?

गल्लीतला_नेटवाला: तेच सांगा, त्यात काय. नाहीतर किल्ली आदल्या रात्री आणा.

वायरमन_मामा: गच्चीवर ११ला ऊन असतंय, लॅपटॉप दिसणार नाही. जिन्यात बसून बघ.