मदत हवी आहे: ग्राहकांना डेटा उघडा पडल्याचं पत्र लिहायचं आहे, पण लॉग अर्धवट आहेत

आमची छोटी कंपनी इतर कंपन्यांचं पेरोल करते. एकूण ४१ ग्राहक आहेत. पे-स्लिपच्या पीडीएफ एका क्लाउड बकेटमध्ये असतात. सर्व्हर हलवण्याच्या कामात, ३ तारखेला, त्या बकेटची परवानगी अशी बदलली गेली की फायलींची यादी आणि फायली दोन्ही कोणालाही लॉगिनशिवाय दिसतील. १९ तारखेला लक्षात आलं आणि लगेच बंद केलं. अडचण अशी की बकेटचे अ‍ॅक्सेस लॉग ११ तारखेपासूनच सुरू आहेत. त्याआधीचे आठ दिवस काहीच नोंद नाही.

११ ते १९ मध्ये एका अनोळखी आयपीवरून २१२ फायली डाउनलोड झाल्या आहेत. त्या सहा ग्राहकांच्या आहेत. प्रत्येक स्लिपवर कर्मचाऱ्याचं नाव, पगार, बँक खाते क्रमांक आणि पत्ता असतो.

ग्राहकांना पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय. साहेबांनी दिलेला मसुदा असा:

"आमच्या प्रणालीत नुकतीच एक तांत्रिक त्रुटी आढळली असून ती तातडीने दुरुस्त करण्यात आली आहे. आपल्या डेटाचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही. आपल्या माहितीची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे."

मला हे पटत नाही, पण नेमकं काय बदलू ते कळत नाही. सहा जणांना एक पत्र आणि पस्तीस जणांना दुसरं, असं करावं का?

— कोरा_कागद

---

बिनतारी: बकेटच्या सेटिंगमध्ये सार्वजनिक प्रवेश अडवण्याचा पर्याय असतो, तो संपूर्ण खात्याच्या पातळीवर चालू करा. मग एखाद्याने चुकून परवानगी दिली तरी काही उघडं पडत नाही. लिंक द्यायच्या तर थोड्या वेळात मुदत संपणाऱ्या द्या.

कोरा_कागद: धन्यवाद, ते १९ तारखेलाच केलं. माझा प्रश्न पत्राचा आहे.

हिशेबनीस: ७२ तासांत ग्राहकांना कळवणं बंधनकारक आहे. तुमची मुदत उलटून गेली असेल तर आधी वकील गाठा, मगच एक अक्षर लिहा.

रात्रपाळी: हिशेबनीस, ७२ तासांची मुदत युरोपच्या जीडीपीआरमधली. तीही ज्या कंपनीचा डेटा आहे तिने नियामकाला कळवण्याची. कोरा_कागद यांच्यासारखे जे दुसऱ्यासाठी डेटा हाताळतात, त्यांनी त्या कंपनीला विनाविलंब कळवायचं असतं. सगळं हाती नसेल तर टप्प्याटप्प्याने माहिती देण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. तुमच्या ग्राहकांना कोणता कायदा लागू आहे आणि करारात काय लिहिलंय ते वकिलाला जरूर विचारा, पण पहिलं पत्र त्यासाठी अडवू नका. तुम्ही उशीर केलात की ग्राहकाचा स्वतःचा वेळ जातो.

आता मसुद्याबद्दल. "पुरावा आढळलेला नाही" हे वाक्य आधी काढा. आठ दिवसांचे लॉगच नाहीत, तर पुरावा आढळणार कुठून? आणि उरलेल्या दिवसांत तर २१२ फायली गेल्याचं तुम्हीच सांगताय. उद्या एखाद्या ग्राहकाने लॉग मागितले की हे वाक्य खोटं ठरेल आणि मग पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

पत्र लिहिण्याआधी तीन गोष्टी सांगा. त्या आयपीच्या लॉगमध्ये `REST.GET.BUCKET` अशा किती ओळी आहेत? फायलींच्या नावात काय असतं? आणि बिलाच्या सविस्तर अहवालात त्या बकेटमधून रोज किती डेटा बाहेर गेला ते दिसतं का?

कोरा_कागद: चार ओळी आहेत. सुरुवातीचा भाग असा, बाकीचे रकाने कापलेत:

```
203.0.113.45 REST.GET.BUCKET - "GET /?list-type=2" 200
203.0.113.45 REST.GET.OBJECT C07/02/<employee-name>.pdf 200
```

पुढच्या तीन यादीच्या ओळींत `continuation-token` आहे. फायलीच्या नावात ग्राहकाचा कोड, महिना आणि कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव. बिलाचं आज काढते.

रात्रपाळी: मग तुमचा सहा आणि पस्तीसचा हिशेब चुकतोय. यादी मागितली की एका वेळी जास्तीत जास्त १००० नावं मिळतात, तीही अक्षरक्रमाने. चार वेळा मागितली म्हणजे पहिली ४००० नावं त्या माणसाच्या हाती गेली. फाइल उघडली नसली तरी "अमुक माणूस अमुक कंपनीत पगारावर आहे" एवढं कळलंच. तुमच्याकडच्या फायली त्याच क्रमाने लावा आणि चार हजारावी फाइल कुठल्या ग्राहकाची येते ते बघा. मधल्या काळात काही फायली आल्या-गेल्या असतील तर सीमेवरचा ग्राहकही बाधित धरा.

लॉगमधल्या वेळा यूटीसीमध्ये असतात, हेही सांभाळा. तशाच उतरवल्या तर पत्रातली तारीख एक दिवसाने चुकू शकते.

सोनचाफा: आमच्याकडे वेगळंच झालं होतं. एका सहकाऱ्याचा मेलबॉक्स हॅक झाला, आत एक फॉरवर्डिंग नियम लावलेला सापडला. ग्राहकांना कळवायचा मेल घाईत गेला आणि सगळ्यांचे पत्ते सीसीमध्ये! म्हणजे आमचे ग्राहक कोण कोण, ते सगळ्या ग्राहकांना कळलं. मूळ घटनेपेक्षा त्या मेलवर जास्त फोन आले. तेव्हा प्रत्येकाला वेगळा मेल पाठवा, बीसीसीच्या भरवशावरही राहू नका. मेलमध्ये लिंक आणि अ‍ॅटॅचमेंट नको, कारण अशा मेलच्या नकला पुढच्या दोन दिवसांत फिरायला लागतात. ज्यांचा डेटा नक्की गेलाय त्यांना आधी फोन करा.

कोरा_कागद: हिशेब झाला. एकूण साधारण ९६०० फायली आहेत. ४००० वी फाइल C17 मध्ये येते. डाउनलोड झालेले सहाही ग्राहक त्याच्या आतलेच निघाले. म्हणजे सहा जणांच्या स्लिप गेल्या, अकरा जणांची फक्त नावं गेली (C17 ची निम्मीच, पण पूर्ण धरतेय) आणि २४ जणांचं लॉगमध्ये काहीच नाही.

बिलाप्रमाणे ३ ते ११ या काळात रोज २९० ते ३४० एमबी बाहेर गेलेत. गेल्या महिन्यात याच तारखांना २८० ते ३३० होते. एक स्लिप साधारण १२० केबीची. मग त्या आठ दिवसांत काही गेलं नाही असं म्हणता येईल का?

रात्रपाळी: गेल्या महिन्याच्या त्याच तारखा घेतल्यात हे बरं केलंत. नाहीतर पगाराच्या दिवसांतली गर्दी चोरी वाटते, किंवा उलट. पण "काही गेलं नाही" असं म्हणता येणार नाही. सगळी बकेट म्हणजे सव्वा जीबीच्या आत-बाहेर. ती आठ दिवसांत थोडी थोडी करून नेली असती तरी रोज १४०-१५० एमबी जादा दिसले असते. ते दिसत नाहीत. म्हणजे संपूर्ण साठा उचलला गेल्याचं लक्षण नाही, इतकं तुम्ही आकड्यानिशी सांगू शकता. पण २१२ फायली म्हणजे जेमतेम २५ एमबी. तुमच्या रोजच्या चढउतारात त्या सहज लपतात. पत्रात दोन्ही वाक्यं एकाखाली एक यायला हवीत. पहिलं ठेवून दुसरं गाळलंत तर पुन्हा साहेबांच्याच मसुद्यावर येता.

आणि परिणाम सांगताना पे-स्लिपचा नेमका धोका सांगा. "सतर्क राहा" याने कोणाचं भलं होत नाही. ज्याच्याकडे नाव, पगार आणि जुना खाते क्रमांक आहे तो त्या कर्मचाऱ्याच्या नावाने एचआरला मेल करतो, की माझा पगार पुढच्या महिन्यापासून या नव्या खात्यात टाका. आकडे बरोबर असल्यामुळे एचआरला शंका येत नाही. म्हणून ग्राहकाला सांगा: खाते बदलण्याची विनंती फक्त मेलवर आली तर मान्य करू नका, आपल्या नोंदीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. तुम्ही स्वतः पेरोल करता, तेव्हा तुमच्या बाजूलाही हाच नियम आजपासून लावा आणि तो लावल्याचं पत्रात लिहा.

कोरा_कागद: सहा जणांसाठीचा मसुदा असा केलाय:

"३ ते १९ तारखेदरम्यान आपल्या कर्मचाऱ्यांच्या पे-स्लिप असलेला आमचा साठा इंटरनेटवर लॉगिनशिवाय वाचता येत होता. सर्व्हर हलवताना परवानगी चुकीची लागल्यामुळे हे घडले. ११ तारखेनंतरच्या नोंदींनुसार आपल्या ३८ स्लिप अनोळखी व्यक्तीने डाउनलोड केल्या. त्या कर्मचाऱ्यांची नावे फोनवर ठरवून स्वतंत्रपणे देऊ. स्लिपवर नाव, पत्ता, पगार व बँक खाते क्रमांक आहे. पासवर्ड किंवा ओटीपी या साठ्यात नव्हते. ३ ते ११ या काळातील नोंदी आमच्याकडे नाहीत. बाहेर गेलेल्या डेटाच्या एकूण प्रमाणावरून संपूर्ण साठा उतरवला गेल्याचे दिसत नाही, मात्र आणखी काही फायली गेल्या असण्याची शक्यता आम्ही नाकारू शकत नाही.

साठा १९ तारखेला बंद केला. सर्व साठ्यांचे लॉग चालू केले. खाते बदलण्याची प्रत्येक विनंती आजपासून फोनवर पडताळतो. फायलींच्या नावांतून कर्मचाऱ्यांची नावे काढण्याचे काम या महिनाअखेर पूर्ण होईल. पुढची माहिती शुक्रवारी देऊ, नवीन काही नसले तरी."

साहेब म्हणतात, "नोंदी आमच्याकडे नाहीत" हे स्वतःहून कशाला सांगायचं?

रात्रपाळी: कारण ग्राहकाला त्यावरूनच ठरवायचंय, की ३८ जणांना कळवायचं की सगळ्यांना. ते वाक्य गाळलं तर तो ३८ वर थांबेल. झालेली कामं आणि व्हायची कामं वेगळी ठेवलीत ते छान. अकरा जणांच्या पत्रात "आपल्या कर्मचाऱ्यांची नावे यादीतून गेली" हे पहिल्या दोन वाक्यांत आणा, खाली दडवू नका.

हिशेबनीस: ७२ तासांचं माझं अर्धवट होतं, मान्य. पण २४ जणांना कळवावं हे मला अजून पटत नाही. लॉगमध्ये काहीच नाही, उगाच घबराट.

सोनचाफा: त्यांचाही डेटा सोळा दिवस उघडा होता ना? बाहेरून कळलं तर ग्राहक टिकणार नाही.

रात्रपाळी: मी कळवा म्हणेन, पण हिशेबनीसांचा मुद्दा अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. काही कायद्यांत धोका नगण्य असेल तर नियामकाला कळवण्याची गरज नसते. इथे आठ दिवस आंधळे आहेत, म्हणून धोका नगण्य आहे असं ठरवण्याचा अधिकार मी तुमच्याकडे ठेवणार नाही. ते ग्राहकाला ठरवू द्या. करारातलं कलम काय म्हणतं त्यावर हे अडेल.

कोरा_कागद: सहाही जणांना फोन झाले, पत्रं गेली. एका ग्राहकाने मूळ लॉग फाइलच मागितली आहे. त्यात बाकी ग्राहकांच्या कर्मचाऱ्यांची नावंही आहेत. द्यावी का?

रात्रपाळी: त्यांच्या कोडच्या ओळी तेवढ्या काढून द्या. यादीच्या चार ओळींत कोणाचं नाव नाही, त्याही द्या.

बिनतारी: गाळलेला लॉग त्यांचा ऑडिटर मानणार नाही. मूळ फाइल जपून ठेवा, तिचा हॅश पत्रात द्या आणि ऑडिटरला तुमच्या ऑफिसात, तुमच्या स्क्रीनवर दाखवा.

रात्रपाळी: स्क्रीनवर दाखवली तरी बाकीच्यांची नावं दिसणारच की.

कोरा_कागद: हॅश काढून ठेवलाय. दाखवण्याबद्दल वकिलांचं उत्तर आलं की इथे लिहिते.