नवऱ्याचा रिपोर्ट कमी आलाय, घरात बोलणंच बंद झालंय: मदत हवी आहे

त्रिमूर्तीनगर_मेघा: माझं वय 31, ह्यांचं 34. माझी सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्यांची तपासणी, सगळं नॉर्मल आहे. मागच्या आठवड्यात ह्यांची वीर्य तपासणी झाली. नमुना 1.1 मिली, शुक्राणू 90 लाख प्रति मिली, हालचाल 38 टक्के. तेव्हापासून हे गप्प आहेत. मी विषय काढला की गॅलरीत जाऊन उभे राहतात. सासूबाईंना वाटतं दोष माझ्यातच आहे, रोज काही ना काही ऐकवतात. त्यांना रिपोर्ट दाखवून टाकू का?

सदरवाला: टेन्शन घेऊ नका ताई. सैल कपडे, लॅपटॉप मांडीवर नको, आणि दहा-बारा दिवस संबंध टाळून पुन्हा तपासा, काउंट वाढून येईल.

शुभदा_समुपदेशन: सदरवाला, उष्णतेचं बरोबर आहे. पण दहा-बारा दिवस थांबलं तर आकडा वाढतो आणि हालचाल मंदावते, म्हणून त्या रिपोर्टवरून नीट अंदाज येत नाही. थांबायचं ते किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस.

मेघा, दोन गोष्टी सांगा. गेल्या तीन महिन्यांत ह्यांना मोठा ताप आला होता का? आणि नमुना देताना थोडा सांडला का?

त्रिमूर्तीनगर_मेघा: पोळ्याच्या सुमारास डेंग्यू झाला होता. सांडल्याचं आजच विचारलं. हो म्हणाले, सुरुवातीचाच भाग डबीबाहेर गेला, पण लाजेपोटी लॅबमध्ये सांगितलं नाही.

शुभदा_समुपदेशन: मग हा रिपोर्ट शेवटचा धरू नका. सर्वांत जास्त शुक्राणू त्या पहिल्याच भागात असतात. तो गेला की नमुन्याचं प्रमाण आणि काउंट दोन्ही घसरतात. शिवाय शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरच्या तापाचा परिणाम आत्ताच्या नमुन्यात दिसू शकतो. डिसेंबरात पुन्हा करा. नमुना लॅबमध्येच द्या. घरून न्यायचा असेल तर शर्टाच्या आत अंगाशी धरून अर्ध्या ते एक तासात पोचवा. तेल, थुंकी, साधा कंडोम काही वापरायचं नाही. सांडलं तर निःसंकोच सांगा, लॅब तशी नोंद करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1.4 मिली, 1 कोटी 60 लाख प्रति मिली आणि हालचाल 42 टक्के अशी आहे. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांपैकी शंभरात पाच जण याही खाली होते. म्हणजे मूल होणार नाही असा त्या आकड्याचा अर्थ नाही. मात्र दुसराही रिपोर्ट कमी आला तर यूरॉलॉजिस्टकडे जा, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा आणि हार्मोन्स बघून घ्या.

अमरावतीकर: आमच्याकडे जिममधल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांमुळे काउंट जवळजवळ शून्यावर गेला होता. बंद केल्यावर बऱ्याच महिन्यांनी सावरला. हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारून घ्या. बाकी आयव्हीएफला नागपुरात किती खर्च येतो हो?

शुभदा_समुपदेशन: इंजेक्शनांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याने शरीराचं स्वतःचं शुक्राणू बनवणंच थांबतं. खर्चाचा वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

मेघा, सासूबाईंना रिपोर्ट रागाच्या भरात दाखवू नका. तो ह्यांचा आहे. तसं केलंत तर हे पुढच्या तपासणीलाच येणार नाहीत. उलट ह्यांना वाचवायला “दोष माझाच” असंही म्हणू नका. बऱ्याच घरांत बायका असं करतात आणि मग देवदेवस्की, औषधं, दुसऱ्या लग्नाची कुजबुज, सगळं त्यांच्यावर येतं. आईला ह्यांनीच, तुम्ही समोर असताना सांगावं: “आई, आमच्या दोघांच्याही तपासण्या सुरू आहेत. काही असलं तर मी सांगीन, हिला विचारू नको.” कोणात काय निघालं ते सांगायची गरज नाही.

दोघांत या विषयाला आठवड्यातून अर्धा तास ठेवा, अंबाझरीला फिरताना चालेल. बाजूबाजूने चालताना बोलणं पुरुषांना सोपं जातं. आधी डिसेंबरची तारीख, मग कोण काय करणार, मग ज्याला जे सलतंय ते. बाकी दिवशी फक्त अपॉइंटमेंटचं बोला. रोज रात्री नवीन पथ्य सांगितलं की त्यांना ते आरोपासारखं ऐकू येतं. आणि “आज दिवस आहे” असा हुकूम नको. बीज सुटण्याआधीच्या पाच-सहा दिवसांत एक दिवसाआड जवळ आलात तरी पुरतं.

सदरवाला: पण सासू रोज टोमणे मारत असेल तर डिसेंबरपर्यंत ऐकत कशी बसणार? मी तर सरळ सांगून मोकळा झालो असतो.

त्रिमूर्तीनगर_मेघा: रविवारी फिरायला जाऊ म्हणाले आहेत. तारीख ठरली. आईशी बोलायचं म्हटलं की मात्र “बघू” म्हणतात.

शुभदा_समुपदेशन: मग पुढच्या भेटीला दोघं जा आणि डॉक्टरांना सांडल्याचं, तापाचं ह्यांनाच सांगू द्या. आईचं त्यानंतर बघा. “बघू” वर दोन आठवडे गेले तर इथे लिहा.