मदत हवी आहे: रात्री दात आवळले जातात, सकाळी जबडा आणि घसा दुखतो

झोपेत दात करकचून आवळले जातात, त्यामुळे सकाळी उठल्यावर कानापुढचा गालाचा स्नायू दगडासारखा कडक लागतो आणि घसा दुखतो, पण आतून खवखवल्यासारखा नाही, हनुवटीखाली बोट दाबलं की नेमकं तिथे दुखतं. नाश्ता होईपर्यंत बरंच कमी होतं. ताप, सर्दी, अॅसिडिटी काही नाही, ईएनटीने घसा बघून नॉर्मल सांगितलंय. गिळताना त्रास नाही, तोंड पूर्ण उघडतं, कट्कट आवाजही नाही.

डेंटिस्टने दात झिजलेले दाखवले आणि मऊ नाईट गार्ड दिला, पण तो घातला की मी उलट जास्तच चावते असं वाटतं, त्यावर दाढांचे खड्डे पडलेत. गरम शेक, संध्याकाळनंतर चहा बंद, दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे हे सगळं चालूच आहे, त्याने दिवसाचं आवळणं थांबलं, रात्रीचं नाही. डिप्रेशनची वगैरे कुठली गोळी चालू नाही, ज्याने हे होऊ शकतं.

आता डेंटिस्ट वरच्या दातांसाठी कडक अॅक्रिलिकचा गार्ड करू म्हणतायत, तो महाग आहे. पण नवरा म्हणतो मी घोरते, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो, आणि उठल्यावर तोंड कोरडं असतं. स्लीप अॅप्निया असेल तर वरच्या गार्डने काही जणांचा श्वासाचा त्रास वाढतो असं वाचलंय. बोटॉक्स सध्या नकोय.

ज्यांना दोन्ही त्रास होते त्यांनी सांगा, आधी स्लीप स्टडी केली की गार्ड, आणि घरी होणारी टेस्ट पुरली का?