पुण्याच्या दिवाळी पहाटेचं रेकॉर्डिंग कापता येईल का?

मीनल, न्यू जर्सी (पुण्यात सकाळचे ९:४०)

नमस्कार मंडळी,
कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातून झालेला कार्यक्रम फारच रंगला. आता यूट्यूबवर रेकॉर्डिंग बघतेय. पहिली ३६ मिनिटं नुसता पडदा आणि माइकची चाचणी आहे, त्याचं एवढं काही नाही. पण मध्यंतरात स्टेजवरचा माइक चालूच राहिलाय आणि पेटीवाले काका घरच्या आजारपणाबद्दल फोनवर बोलताहेत ते स्वच्छ ऐकू येतं. हे लोकांच्या कानावर जाऊ नये. लाइव्ह संपल्यावर मधला भाग काढता येतो का? आणि काढला की तो लगेच जातो का?

सुधीर काका, ह्यूस्टन

मीनल, लाइव्हचं रेकॉर्डिंग तिथल्या तिथे कापता येत नाही. ते उतरवून घ्यायचं, लॅपटॉपवर कापायचं आणि पुन्हा चढवायचं. लिंक नवी होईल, बघणाऱ्यांचा आकडाही शून्यावर येईल. इलाज नाही.

अनघा, पुणे (१०:०५)

काका, कापता येतं. रेकॉर्डिंग सहा तासांच्या आत असलं की Studio मध्येच काम होतं, आणि आपलं ३ तास १२ मिनिटांचं आहे. लिंक, आकडा, खालचे अभिप्राय सगळं तसंच राहतं. तुम्ही सांगताय त्या वाटेने गेलो तर Studio मधून फार तर 720p ची प्रत हाती येते, म्हणजे चित्राचा दर्जाही घसरतो.

मीनल, तुझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. कापलेलं लगेच दिसत नाही. यूट्यूब अख्खा व्हिडिओ नव्याने तयार करतं आणि ते होईपर्यंत लोकांना जुनाच दिसत राहतो, काकांच्या फोनसकट. म्हणून मी आत्ताच व्हिडिओ `Private` केलाय. तो बदल तत्काळ लागू होतो. कृपया कोणी परत `Public` करू नका.

`Editor` अजून उघडत नाहीये, कारण लाइव्हवरची प्रक्रिया चालू आहे. उघडलं की `Trim & cut` मध्ये सुरुवातीची ३६:३० मिनिटं आणि १:४१:०० ते १:५२:३० हा मध्यंतराचा तुकडा, दोन्ही एकदमच काढते. एकदा `Save` केलं की ते काम पुरं होईस्तोवर दुसरा काप घेता येत नाही. त्यामुळे आणखी काही काढायचं असेल तर अकराच्या आत कळवा.

प्रसाद, दुबई

आमच्याकडे तर कापायला काही उरलंच नव्हतं! भाचीच्या लग्नाचं लाइव्ह सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत एकसलग चालू ठेवलं. बारा तासांच्या वर गेलं आणि रेकॉर्डिंग साठवलंच गेलं नाही. ताई, आपलं तसं काही होणार नाही ना?

अनघा (११:२५)

नाही प्रसाद, आपलं रेकॉर्डिंग आलेलं आहे. पुढच्या वेळी हळद आणि लग्न अशी दोन वेगळी लाइव्ह लावा.
११:२० ला `Save` केलंय.

प्रसाद (दुपारी २:१०)

ताई, मला चॅनेलच्या खात्यातून अजून ३:१२ चाच दिसतोय. काप फसला का? परत `Save` करू?

अनघा (२:१५)

नको, काही करू नकोस. लांब व्हिडिओला तास लागतात, आणि नक्की किती हे आधी सांगता येत नाही. खूण एकच, व्हिडिओची लांबी. ४८ मिनिटं वजा होऊन २:२४ दिसलं की झालं.

अनघा (५:००)

४:४० ला झालं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं लागली. मध्यंतराची जागा हेडफोन लावून तीनदा ऐकली. निवेदिकेच्या वाक्यानंतर थेट तबल्याची थाप येते, मध्ये काही नाही. मगच `Public` केलं.

वर्णनातल्या वेळा आपोआप सरकत नाहीत, त्या हाताने बदलल्या. मध्यंतराआधीच्या गाण्यांतून ३६:३० वजा, नंतरच्यांतून पूर्ण ४८ मिनिटं. नाट्यगीत ५२:१० ला होतं ते आता १५:४० ला आहे, भैरवी २:५०:०० वरून २:०२:०० ला. पहिली नोंद `0:00` ची ठेवली, नाहीतर व्हिडिओचे भाग पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र गेली. कार्यक्रम चालू असताना तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं चॅट आता व्हिडिओशेजारी दिसत नाही.

मीनल

अनघाताई, मनापासून आभार. चॅट गेल्याचं वाईट वाटलं, माझ्या आईने पहिल्यांदाच त्यात लिहिलं होतं. ते कोणी उतरवून ठेवलंय का?

सुधीर काका

माझी माहिती अर्धवट होती, अनघाने नीट सांगितलं. पण मग मूळ रेकॉर्डिंग कायमचं गेलं का?

अनघा

नाही काका. `Revert to original` केलं की मूळ परत येतं, आणि त्याबरोबर तो फोनही. चॅनेलच्या खात्यात सात जणांना संपादनाची परवानगी आहे, ती दोघांवर आणावी असं मला वाटतं. पेटीवाले काकांना मी संध्याकाळी फोन करतेय. जे नऊपासून दहापर्यंत खुलं होतं, ते त्यांना माझ्याकडूनच कळायला हवं.