मदत हवी आहे: ब्लेड नक्की किती दिवसांनी बदलायचं?

घाईत: दाढी केली की मानेवर आग होते, लाल पुरळ उठतं. ब्लेड कधी बदलायचं तेवढंच सांगा. क्रीम बदला म्हणू नका, बदलून झालंय.

जुनं_खोड: दर रविवारी. विषय संपला.

बारीकनजर: संपला कसा? रोज दाढी करणाऱ्याचं आणि आठवड्यातून एकदा करणाऱ्याचं ब्लेड सारखंच झिजतं का? दिवस नाही, दाढ्या मोजायच्या. साधारण ५ ते ७, केस राठ असतील तर त्याआधीच. @घाईत, रेझर कुठला? पुरळ लगेच उठतं की नंतर?

शरयू: मी पायांसाठी एकच ब्लेड कितीतरी महिने वापरते, काही होत नाही.

जुनं_खोड: ब्लेड पाण्याने गंजतं. पुसून तेलाचा हात फिरवा, वर्षभर बघायला नको.

बारीकनजर: कोरडं ठेवणं बरोबर, पण रोजच्या दाढीत धार घालवतो तो केसच. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी कापताना वाकला की धारेचे बारीक टवके उडतात. तेलाने ते भरून येत नाहीत, काका.

जुनं_खोड: आमच्या वेळी सूक्ष्मदर्शक नव्हते, दाढ्या होत होत्या.

घाईत: भांडण नंतर करा. पाच पात्यांचं कार्ट्रिज आहे. गाल ठीक आहेत, त्रास फक्त मानेला. आग लगेच होते, फोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. काहींत केस दिसतो.

बारीकनजर: हे आधी सांगायचं ना! मला हे दोन वेगळे त्रास वाटतात. बोथट ब्लेड केस कापण्याऐवजी ओढतं. मग आपण दाबतो, त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवतो आणि वरची कातडी खरवडली जाते. ती आग लगेच होते. केस दिसणारा फोड मात्र आत वळलेल्या केसाचा. पुढचं पातं केस वर ओढतं, मागचं तो कातडीच्या खाली कापतं, मग वाढताना तो आतच टोचतो. नव्या ब्लेडने हे थांबेलच असं नाही.

घाईत: मग कळणार कसं?

बारीकनजर: फोड बसू देत. मग मानेच्या एका बाजूला हेच ब्लेड, दुसऱ्या बाजूला नवं. दोन्हीकडे केसांच्या दिशेने, न दाबता. नव्या बाजूला आग झाली नाही तर दोष ब्लेडचा. फोड दोन्हीकडे आले तर एका पात्याचा रेझर घ्या, फार गुळगुळीत करायचा हट्ट सोडा.

बिनधास्त: दाढी वाढवा की राव! ट्रिमर फिरवला की झालं.

घाईत: नोकरीत चालत नाही. आणि केसांची दिशा कशी ओळखायची?

शरयू: खुंट वाढल्यावर बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं की उलट दिशा. मानेवर ती जागोजागी बदलते. आणि फोडात पू असेल तर प्रयोग सोडून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

जुनं_खोड: तेल कुठलं ते कुणी विचारलंच नाही.