आक्षेप आणि किंमत एकाच पानावर

"पोझिशनिंग, ग्राहक, आक्षेप आणि शेवटी किंमत, या क्रमाने नव्या मालाबद्दल सेल्स टीमला ब्रीफिंगमध्ये सांगितले तर चालेल ना?"

पहिले दोन भाग त्या क्रमाने ठेवावेत, पण आक्षेप आणि किंमत वेगळे करू नयेत, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या सीएनसी शॉपमध्ये पहिला आक्षेप दराचाच येतो. समजा, मशीनचे नवे कूलंट विकायचे आहे. जुन्याचा दर लिटरला १८० रुपये आणि नव्याचा २६०. मात्र जुने पाण्यात ८ टक्के मिसळावे लागते आणि नवे ५ टक्के पुरते. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला जुन्याचे १४४० रुपये लागतात, नव्याचे १३००. ब्रीफिंगमध्ये हा हिशेब प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने मांडून घ्यावा, कारण नुसते दरपत्रक घेऊन गेलेला माणूस दुसऱ्याच वाक्याला सवलत देऊन मोकळा होतो.

या हिशेबाची मर्यादाही तिथेच सांगितली पाहिजे. रोजची घट नुसते पाणी ओतून भरली, तर प्रमाण ५ वरून खाली घसरते, बिडाच्या जॉबवर गंज दिसू लागतो आणि दोष नव्या कूलंटवर येतो. म्हणून पहिले ग्राहक निवडताना शॉपचा आकार पाहण्याऐवजी तिथे कूलंटचे प्रमाण तपासणारा रिफ्रॅक्टोमीटर आहे का आणि त्याचे रीडिंग रोज कोणी लिहून ठेवतो का, हे पाहावे. वाचलेला आकडा कूलंटच्या फॅक्टरने गुणल्यावरच खरे प्रमाण कळते; तो फॅक्टर दराशेजारी ठळक छापावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.