पोच मिळाली, पण तारीख कुठली धरायची?

> "आमच्या पंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज दिला. दुसऱ्या प्रतीवर नुसता गोल शिक्का मारून दिला. आता किती दिवस वाट बघू?"

नुसत्या शिक्क्याला फारसा अर्थ नाही. उद्याच जाऊन त्यावर इनवर्ड नंबर, तारीख आणि सही मागून घ्या. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं: अर्ज पोचल्यापासून 30 दिवसांत सचिवाने उत्तर द्यायला हवं. माहिती दुसऱ्या खात्याकडे असेल तर 5 दिवसांत अर्ज तिकडे पाठवून तुम्हाला तसं कळवायचं असतं.

लोक अडकतात ते झेरॉक्सच्या पैशांच्या पत्रापाशी. समजा अर्ज 3 जूनला पोचला, म्हणजे मुदत 3 जुलैपर्यंत. 18 जूनला "अमुक पानांचे इतके रुपये भरा" असं पत्र निघालं आणि तुम्ही 25 जूनला भरलेत, तर मधले 7 दिवस मोजायचे नाहीत. मुदत 10 जुलैवर जाते. म्हणून पैसे लगेच भरा आणि पावती पोचपावतीलाच टाचून ठेवा. पत्राचा लिफाफाही फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का पत्र खरंच कधी निघालं ते सांगतो. (पत्रावरची तारीख आणि टपालातली तारीख यांचं नेहमीच जमतं असं नाही.)

मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. मग पुढच्या 30 दिवसांत गटविकास अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, सोबत त्या पोचेची प्रत जोडा.